फॅट बर्नरच्या 'लॅब रिपोर्ट'मध्ये जे शोधलंच नव्हतं त्याबद्दल

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी भाच्याला घेऊन नाशिकच्या गंगापूर रोडला मिसळ खायला गेलो होतो. हा पोरगा एरवी चार पाव खाऊन वर दोनदा रस्सा मागवणारा. त्या दिवशी अर्धा पाव मोडला, दोन घास खाल्ले, प्लेट बाजूला सारली आणि पाण्याचा अख्खा जग संपवला. म्हटलं काय रे, बरं नाही का? तर म्हणे "मामा, भूकच लागत नाही आता, मस्त चाललंय, पाच आठवड्यांत सहा किलो उतरलो." पोलीस भरतीची तयारी करतोय तो, सोळाशे मीटरचा टाइम कमी करायचा म्हणून त्याला वजन उतरवायचं होतं.

घरी आल्यावर ताईनं हळूच सांगितलं की हा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, तोंड कोरडं पडतं म्हणतो आणि पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल घेतोय. आईचं बीपीचं मशीन होतंच, त्याच्या दंडाला लावलं. १४८/९६. पल्स १०८, आणि पोरगा सोफ्यावर वीस मिनिटं नुसता बसलेला होता. तेवीस वर्षांचं पोरगं, रोज पहाटे गोल्फ क्लबच्या मैदानावर पळणारं, त्याची बसल्या जागी पल्स साठ-सत्तर पाहिजे ना!

मग डबा बाहेर आला. जिमच्या ट्रेनरनं दिलेला, साठ कॅप्सूल, अठ्ठावीसशे रुपये, वर हिरवी पानं छापलेली आणि "१००% हर्बल". आत काय तर ग्रीन टी, गार्सिनिया, गुग्गुळ, मिरे आणि अजून तीन वनस्पती, सात मिळून ५०० मिलिग्रॅमचं "प्रोप्रायटरी ब्लेंड", म्हणजे कुठली किती ते सांगणार नाही. रोज दोन कॅप्सूल.

मी गेली सोळा वर्षं अंबडला एका औषध कंपनीत क्यूसीला आहे, दिवसभर हेच काम, गोळीत जे लिहिलंय ते आहे का आणि जे लिहिलं नाही ते नाही ना. त्यामुळे हे लिहितोय, कारण आपल्याकडे लोक लेबल वाचतात पण लेबलवरून हिशोब करत नाहीत.

हिशोब असा. गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचा भाऊबंद. त्यातल्या ज्या आम्लामुळे वजन उतरतं असं म्हणतात, त्याच्यावर माणसांवर ट्रायल झालेत, अर्ध्या लोकांना खरी आणि अर्ध्यांना डमी गोळी देऊन. त्या आम्लाचा डोस रोज एक ग्रॅमपासून पावणेतीन ग्रॅमपर्यंत होता आणि सगळे ट्रायल एकत्र केले तर डमी गोळीवाल्यांपेक्षा फरक पडला साधारण एका किलोचा, आणि नीट काटेकोरपणे केलेले ट्रायल तेवढे घेतले तर तो एक किलोसुद्धा ठामपणे सांगता येत नाही. ग्रीन टीचं पण तेच, फरक इतका थोडा की आरशात दिसणार नाही. आता या डब्यात दोन कॅप्सूल मिळून सातही वनस्पतींचं वजनच एक ग्रॅम. म्हणजे ट्रायलमधला सगळ्यात छोटा डोससुद्धा यात बसत नाही. मग पाच आठवड्यांत सहा किलो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे भूक बटण दाबल्यासारखी बंद, हे कशानं झालं?

इन्स्टावरचा जो मोठा फिटनेसवाला या डब्याचा व्हिडिओ करतो तो "क्लिनिकली प्रूव्हन" म्हणतो. भाच्यानं मला तो दाखवला. मी त्याला एवढंच विचारलं की सिद्ध काय झालं, हा डबा की त्यातली एक वनस्पती? किती डोसला? बरोबर डमी गोळीवाले होते का? तो म्हणाला "ते नाही सांगितलं, पण बिफोर-आफ्टर बघ ना." अरे, बिफोर-आफ्टर फोटोत त्या माणसानं त्या काळात दुसरं काय काय केलं, काय घेतलं, ते कुठे दिसतं?

मला संशय आला तो सिब्यूट्रामिनचा. नाव लक्षात ठेवा. हे खरंखुरं औषध होतं, डॉक्टर लिहून द्यायचे, १० किंवा १५ मिलिग्रॅमची कॅप्सूल, मेंदूतली दोन रसायनं जास्त वेळ टिकवून पोट भरल्याची भावना आणायचं. त्याचे साइड इफेक्ट म्हणजे तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, झोप उडणं, पल्स आणि बीपी वर. परत वर जाऊन भाच्याची लक्षणं वाचा. पुढे हृदयाचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे डमी गोळीवाल्यांत १० टक्के आणि औषधवाल्यांत ११.४ टक्के निघाले. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेतून ते बाजारातून काढलं, २०११ मध्ये भारतानं बंदी घातली. पण बंदी आली म्हणून माल संपत नाही, तो "हर्बल" डब्यात शिरतो. अमेरिकेच्या एफडीएनं २००७ ते २०१६ या काळात छुपी औषधं सापडलेली ७७६ सप्लिमेंट नोंदवली, त्यात वजन उतरवायच्या गोळ्या चाळीस टक्क्यांच्या वर होत्या आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त सापडलं ते सिब्यूट्रामिनच. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये १० मिलिग्रॅम म्हणजे पन्नासावा भाग, हिरव्या भुकटीत मिसळला तर बघून कुणाला काय कळणार!

ट्रेनरला भेटायला गेलो. निफाडकडचा पोरगा, सरळ आहे, स्वतः पण तेच घेतो. म्हणाला "मामा, आयुर्वेदिक आहे, काही होत नाही, आणि आपल्याकडे लॅब रिपोर्ट आहे" आणि लगेच व्हॉट्सअॅपवर पीडीएफ टाकली. मला त्याच्यावर राग नाही धरता आला, त्याला डिस्ट्रिब्युटरनं जे दिलं ते तो पुढे देतोय, डब्यामागे कमिशन मिळतं हे खरं पण फसवतोय असं त्याच्या मनात नव्हतं.

तो रिपोर्ट मी रात्री बसून वाचला. दिसायला एकदम पक्का, लोगो, सही, शिक्का. टेस्ट काय केल्या होत्या तर रंग, कॅप्सूलचं सरासरी वजन, ओलावा, शिसं-आर्सेनिक-पारा-कॅडमियम, आणि जंतू. सगळ्यापुढे "कंप्लाइज", म्हणजे निकषात बसतं. आणि हे सगळं खरं असू शकतं! कारण यात बाहेरचं औषध मिसळलंय का हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. आमच्या मशीनवर एखादा पदार्थ शोधायचा तर त्याचा शुद्ध नमुना आधी चालवावा लागतो, तो किती मिनिटांनी बाहेर पडतो ते बघायचं आणि मग कॅप्सूलच्या अर्कात त्याच वेळेला पीक, म्हणजे आलेखावरचा उंचवटा, येतो का ते बघायचं, आणि ते तोच पदार्थ आहे याची खात्री मास स्पेक्ट्रोमीटरवर करायची. जो नमुना चालवलाच नाही त्याचं पीक आलं तरी त्याला नाव कोण देणार? त्यात हे भेसळवाले हुशार, सिब्यूट्रामिनचा रेणू थोडा बदलून त्याचे चुलतभाऊ टाकतात, म्हणजे सिब्यूट्रामिन शोधणारी टेस्टसुद्धा चुकते. म्हणून रिपोर्टमध्ये "कंप्लाइज" वाचायच्या आधी डाव्या बाजूची टेस्टची नावं वाचा.

अजून दोन गोष्टी त्याच कागदावर होत्या. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की निकाल फक्त दिलेल्या सॅम्पलपुरता आहे, आणि सॅम्पल कंपनीनंच आणून दिलेलं. आणि बॅच नंबर. रिपोर्टवर एक, भाच्याच्या डब्याच्या बुडाला वेगळाच. म्हणजे हा रिपोर्ट त्याच्या कॅप्सूलचा नव्हताच.

डब्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर होता, ट्रेनरनं तो पण दाखवला. तो foscos.fssai.gov.in वर टाकून बघता येतो, लायसन्स कुणाच्या नावानं आहे, चालू आहे का, कशासाठी आहे. जरूर बघा. पण त्यातून एवढंच कळतं की धंदेवाल्याकडे लायसन्स आहे, या डब्यातली कॅप्सूल सरकारनं तपासली असा त्याचा अर्थ नाही.

प्रोटीनच्या डब्याचं सुद्धा असंच आहे, थोडक्यात सांगतो. प्रोटीन मोजायची जुनी पद्धत नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं गुणते. त्यामुळे पावडरीत स्वस्त ग्लायसिन टाकलं तर एक ग्रॅम ग्लायसिन मशीनला १.१७ ग्रॅम प्रोटीन दिसतं, रिपोर्ट खोटा नाही आणि तुमच्या पोटात दुधाचं प्रोटीन पण नाही. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या एका टीमनं भारतात विकले जाणारे ३६ डबे तपासले तर २५ मध्ये लेबलवरचं प्रोटीन आणि सापडलेलं प्रोटीन जुळत नव्हतं.

भोसलाच्या ग्राउंडवर पळणाऱ्या आणि खरोखर स्पर्धा खेळणाऱ्या पोरांच्या आईबापांनी तर हे नीट ऐका. सिब्यूट्रामिन डोपिंगच्या यादीत आहे. २०११ मध्ये आपल्या रिले टीमच्या मुली स्टेरॉइडमध्ये पकडल्या गेल्या, कोचनं दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आलं असं त्यांनी सांगितलं, तरी दोन वर्षांची बंदी झालीच. शरीरात सापडलं की जबाबदारी खेळाडूची. स्पर्धा खेळणाऱ्यानं काही घ्यायचंच असेल तर इन्फॉर्म्ड स्पोर्टसारखा मार्क असलेलं घ्यावं, तिथे डोपिंगच्या पदार्थांसाठी प्रत्येक बॅच तपासतात आणि बॅच नंबर त्यांच्या साइटवर टाकून बघता येतो. डब्यावर नुसता लोगो छापलेला असणं पुरेसं नाही.

भाच्याचं पुढं काय झालं ते सांगतो. त्याच दिवशी कॅप्सूल बंद केल्या, सोमवारी आमच्या डॉक्टरांकडे नेलं, डबा बरोबर नेला (हे महत्त्वाचं, नुसतं "हर्बल काहीतरी" सांगू नका), ईसीजी काढला, रिदम ठीक होता, फक्त वेग जास्त. दहा दिवसांनी पल्स ७४ वर, बीपी १२६/८०, आणि भूक अशी परत आली की ताई हसत रडली. तीन किलो परत चढले. हा पुरावा नाही हे मला माहितीय, कॅप्सूल तपासल्याशिवाय त्यात सिब्यूट्रामिन होतं असं मी म्हणणार नाही आणि म्हणूनच ब्रँडचं नाव इथे लिहिलेलं नाही, कमेंटमध्ये विचारू नका. कंपनीच्या मशीनवर घरचं सॅम्पल चालवायला परवानगी नसते आणि ते बरोबरच आहे.

पण अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, ते फार कमी लोकांना माहिती असतं. कुणीही ग्राहक फी भरून फूड अॅनालिस्टकडून वस्तू तपासून घेऊ शकतो, माल दोषी निघाला तर फी परत मिळते. अट एकच, विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं की मी हे तपासायला देणार आहे. आधी घेतलेला, उघडलेला डबा त्यात बसत नाही. म्हणून भाच्याच्या उरलेल्या कॅप्सूल, डबा आणि ट्रेनरला केलेल्या यूपीआय पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडून आपल्या राज्याच्या एफडीएच्या नाशिक ऑफिसला तक्रार दिली, आणि त्यात ठळक लिहिलं की सिब्यूट्रामिन आणि त्याच्यासारखे बदललेले रेणू यांच्यासाठी तपासा. नुसतं "तपासा" लिहिलं तर परत रंग आणि ओलावाच तपासला जायची भीती.

ट्रेनरनं माझ्यासमोर डिस्ट्रिब्युटरला फोन लावून याच टेस्टचा रिपोर्ट मागितला. पलीकडून उत्तर आलं, "असली टेस्ट आजपर्यंत कुणी मागितली नाही." त्यानंतर त्यानं जिममधल्या कपाटातले सहा डबे खाली काढले आणि ज्यांना आधी दिले होते त्या पोरांना एकेक करून फोन करत बसला.