दोन ओळींची रजा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या टॉवेल कारखान्यात मी हिशेबनीस होतो. कार्यालयात टेबले चार, त्यांतले एक मालकांचे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत भोगीला अक्षता सोहळा असतो. त्यासाठी एक दिवसाची रजा हवी म्हणून मी ‘प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक’ अशा थाटाचा अर्ज छापला, सही केली आणि लखोट्यात घालून मालकांसमोर ठेवला. मालकांनी लखोटा न उघडताच दार लोटून घेतले आणि हळू आवाजात विचारले, “किती जास्त देतायत तिकडं?”

लहान ठिकाणी छापील लखोटा राजीनाम्याचाच असतो, हे मला ठाऊक नव्हते. पुढे मालकांनीच सांगितले, “तोंडानं सांगा आणि दोन ओळींची मेल टाका, पगाराच्या वेळी मला सापडली पाहिजे.” तेव्हापासून मी विषयातच रजेची तारीख लिही आणि खाली सुताची गाडी आली तर चलन कुणाकडे आहे, एवढेच. मालकांना माझ्या आजारापेक्षा त्या चलनाची काळजी अधिक असे, आणि ते रास्तच होते.

हीच सवय घेऊन मी एका मोठ्या शिक्षणसंस्थेत रुजू झालो. अक्कलकोटला चुलतभावाचे लग्न होते. सोमवार-मंगळवारची नैमित्तिक रजा हवी, अशी दोन ओळींची मेल मी विभागप्रमुखांना टाकली आणि त्यांचे ‘ओके’ आल्यावर रविवारीच निश्चिंत मनाने गेलो. बुधवारी हजेरीपटावर माझ्या नावापुढे तांबड्या शाईत ‘विनापरवानगी गैरहजर’ असे दोनदा लिहिलेले होते.

आस्थापना शाखेतले भाऊसाहेब सौजन्याने म्हणाले, “साहेबांचं ‘ओके’ खरंय हो, पण ते फाइलला लावू कसं?” तिथे अर्ज माणसाने वाचायचा नसतो, तर साहेब बदलून गेल्यावरही तो फाइलीत सापडायचा असतो. म्हणून त्यात रजेचा प्रकार, शिल्लक दिवस, आधी जोडून येणारा रविवार, रजाकाळातील पत्ता आणि कार्यभार सांभाळणाऱ्याची सही लागते. अर्ज ‘मार्फत विभागप्रमुख’ जातो, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का घेतला नाही तर तो दिलाच नव्हता असे समजले जाते.

“मागची तारीख घालून देऊ का?” मी विचारले.

“घाला की, शिक्का आजचाच पडेल,” भाऊसाहेब म्हणाले. मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारले, “आणि अक्कलकोटला गेलात म्हणे, मुख्यालय सोडण्याची परवानगी?”

अक्कलकोट सोलापूरहून चाळीसेक किलोमीटर. वऱ्हाड टमटमने गेले होते.

अखेर ‘कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत’ असा पानभर अर्ज मी दोन प्रतींत छापला. भाऊसाहेबांनी तो बारकाईने वाचला आणि ‘संदर्भ’ या रकान्यावर बोट ठेवले. “इथं तुमची ती मेल लिहा. आणि तिची छापील प्रत जोडा, सहपत्र 1 म्हणून.”

“साहेबांच्या ‘ओके’सकट?”

“ते सहपत्र 2.”