छायाचित्रातला नको असलेला माणूस कसा हटवावा

आपण एखाद्या मासिकाच्या संपादक मंडळावर असाल आणि मुखपृष्ठावरच्या छायाचित्रातली लबाडी एखाद्या चाणाक्ष वाचकाने पकडली असेल, तर गडबडून जाण्याचे कारण नाही. ताबडतोब एक अंतर्गत सूचना काढावी. चूक कोणी केली हे शोधण्यापेक्षा ती सोपी असते, आणि नीट लिहिली तर झालेली चूक नियमात बसवूनही देते. गेल्या महिन्यात अशीच एक सूचना माझ्या हाती आली. ती ज्या छायाचित्रामुळे निघाली ते मी काढलेले होते, त्यामुळे मी ती वारंवार वाचली आहे. इतरांच्याही उपयोगी पडावी म्हणून तिच्यातली कला येथे उलगडून सांगतो.

सूचनेचा कणा म्हणजे विशेषण. आमच्या सूचनेत लिहिले आहे की 'आशयाला बाधा न आणता अनावश्यक घटक काढण्यास हरकत नाही'. यातल्या 'अनावश्यक' या शब्दाला दाद दिली पाहिजे. अनावश्यक कोणाला, हे न सांगितल्यामुळे मथळ्याच्या आड येणारी प्रत्येक वस्तू, आणि वेळ पडल्यास माणूसही, आपोआप अनावश्यक ठरतो.

माझ्या छायाचित्रातला माणूस असाच अनावश्यक ठरला. खचलेल्या पुलाखालचा गाळ उपसणारे सहा मजूर गुडघाभर पाण्यात उभे होते, आणि डाव्या काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत, काळी छत्री डोक्यावर धरून त्यांचा मुकादम बसला होता. छायाचित्र काढण्याचे कारणच तो होता. सहा जण पाण्यात आणि एक जण छत्रीत, एवढेच मला दाखवायचे होते. मांडणी विभागाला मात्र मुखपृष्ठाचा मथळा नेमका डावीकडे हवा होता. मग क्लोन टूलने काठावरचे गवत उचलून मुकादमावर पसरण्यात आले. काम इतक्या घाईने झाले की गवताचा एकच वाकडा झुबका शेजारीशेजारी तीनदा उगवला, आणि काठावरची छत्री गेली तरी तिचे पाण्यातले प्रतिबिंब तसेच राहिले, कोणी तिथे तवा बुडवून ठेवावा तसे. त्याखाली मथळा होता 'एकजुटीचे बळ'.

याहून गमतीची गोष्ट आकाशात होती. छायाचित्र एफ/१६ वर काढलेले होते आणि इतक्या लहान छिद्राला सेन्सरवरची धूळ ठळक उमटते. उजव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका होता, आणि त्या दिवशीच्या प्रत्येक फ्रेममध्ये तो त्याच जागी आहे. पक्षी असता तर हलला असता. तो ठिपका कॅमेऱ्याचा दोष असल्यामुळे पुसणे पूर्णपणे मान्य आहे. वृत्तसंस्थांच्या कडक नियमांतही एवढी मुभा असते. आमच्या मुखपृष्ठावरून जो पुसायला हवा होता तो ठिपका राहिला आणि जो पुसता कामा नये होता तो माणूस गेला.

मूळ फाइल जपून ठेवण्याबद्दल सूचनेत अवाक्षर लिहू नये. रॉ फाइल हाताशी असली तर कोणीही दोन्ही चित्रे शेजारी ठेवून विचारू शकतो, आणि विचारणारे वाढले की काम खोळंबते.

आरसा-प्रतिमेविषयी 'प्रसंगानुरूप' एवढेच लिहावे, म्हणजे डावखुरे उजवे होतील आणि घड्याळे उलटी चालतील.

प्रकाश आणि रंग यांबद्दल 'आकर्षक' हा शब्द पुरेसा आहे. 'टाइम' साप्ताहिकाने जून १९९४ मध्ये खुनाचा आरोप झालेले अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांचे पोलिसांनी काढलेले छायाचित्र मुखपृष्ठावर गडद करून छापले. 'न्यूजवीक'ने त्याच आठवड्यात तेच छायाचित्र तसे गडद न करता छापले. दोन्ही अंक दुकानात शेजारीशेजारी लागले आणि चेहरा काळवंडला की माणूस आधीच गुन्हेगार कसा वाटू लागतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. त्या चित्रात कशाचीही भर घातलेली नव्हती, काही काढलेलेही नव्हते, म्हणजे आमच्या सूचनेनुसार ते निर्दोष ठरते.

पूर्वसूरींचा दाखला देण्याचा मोह मात्र टाळावा. 'नॅशनल जिओग्राफिक'ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकात आडवे छायाचित्र उभ्या मुखपृष्ठात बसावे म्हणून गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले, आणि हजारो वर्षे जागचे न हललेले पिरॅमिड हलवल्याचे हे प्रकरण आजही दाखला म्हणून सांगितले जाते. असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये नार्सिसो कॉन्ट्रेरास या पुलित्झर विजेत्या छायाचित्रकाराशी संबंध तोडले, कारण सीरियातल्या एका छायाचित्राच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा त्यांनी पुसला होता. कॅमेरा कोपऱ्यात होता आणि बातमीशी त्याचा संबंध नव्हता. आमच्या भाषेत तो शुद्ध अनावश्यक घटक. तरीही संस्थेने त्यांची जवळपास ५०० छायाचित्रे तपासली, त्यांत दुसरा फेरफार सापडला नाही, आणि निर्णय बदलला नाही. असे दाखले सूचनेत घातले तर मांडणी विभाग नाराज होईल.

आता सूचनेतले सर्वांत धूर्त वाक्य. 'क्रॉप करणे सर्वमान्य असल्याने त्याच परिणामाचे अन्य फेरफारही ग्राह्य धरावेत.' म्हणजे मुकादमाला कडेने कापले असते तरी तो गेलाच असता, मग गवत पसरले तर काय बिघडले? संपादकीय बैठकीत हा युक्तिवाद माझ्या तोंडावर केला गेला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

तर आता उपरोध पुरे. क्रॉप केलेले चित्र चौकटीबाहेर काय होते याविषयी काही बोलत नाही. गवत पसरलेले चित्र तिथे कोणी नव्हते असे ठासून सांगते. पहिल्याने अर्थ बदलत असेल तर छायाचित्रकाराला फोन करून विचारता येते. दुसरे खोटे आहे, आणि ते खोटे तुम्ही माझ्या नावाखाली छापलेत. वाचकाचे पत्र मलाच आले, की 'पाण्यात छत्री दिसते, काठावर का नाही?' त्याला मी काय उत्तर द्यायचे होते?

अर्ध्या पानात मावेल एवढीच सूचना तुम्हाला लिहायची होती. चौकट कापा, समोर होता तसा दिसावा इतपत प्रकाश आणि रंग सुधारा, धूळ पुसा. चौकटीच्या आतले काहीही काढू नका, घालू नका, सरकवू नका, मथळ्याच्या जागेसाठी आकाश ताणू नका. एखाद्याचा चेहरा लपवणे भाग असेल तर तो उघडपणे पुसट करा, की लपवला आहे हे वाचकाला दिसेल. रचलेले चित्रच हवे असेल तर चित्रकाराकडून करून घ्या आणि मुखपृष्ठावरच तसे छापा, आतल्या पानावर बारीक टायपात नव्हे. छपाईला जाण्यापूर्वी अंतिम पान आणि मूळ फाइल दोन वेगळ्या माणसांनी शेजारी ठेवून बघा. याला पाच मिनिटे लागतात.

त्याऐवजी तुम्ही दीड पान विशेषणे लिहिलीत आणि शेवटी 'छायाचित्रकारांनी यापुढे मथळ्यासाठी मोकळी जागा राखून चित्रण करावे' असे म्हणून दोष माझ्यावर ढकललात. त्या दिवशी मी ६४ फ्रेम घेतल्या होत्या. त्यांतली एकोणचाळिसावी उभी आहे. मुकादम आणि मजूर खालच्या अर्ध्यात येतात आणि वर नुसते ढगाळ आकाश आहे, तुमचा मथळा दोन ओळींत बसला असता. ती तुमच्यापैकी कोणी मागितलीच नाही.