रिक्षाला आठवण नसते

काल संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावर मी वीस मिनिटं उभा होतो. कानात तारा घातलेली एक मुलगी आली, मोबाइलमधून मान वर न काढता हात केला आणि अर्ध्या मिनिटात रिक्षात बसून गेली. ती रिक्षा माझी होती, असं माझं अजूनही मत आहे. पण मी पडलो संख्याशास्त्राचा मास्तर, त्यामुळे हे मत मला उघडपणे मांडता येत नाही.

शेजारी एक काका मेथीची पिशवी घेऊन माझ्याही आधीपासून उभे. बँकेतून निवृत्त. ते म्हणाले, "काळजी करू नका. एवढा वेळ आली नाही म्हणजे आता येणारच. नियमच आहे तो."

हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. एका रविवारी मी गॅलरीत बसून याच रस्त्यावरच्या रिकाम्या रिक्षा मोजल्या होत्या. (बायकोने तेव्हा काय काय ऐकवलं ते इथे नको.) दोन तासांत बारा, म्हणजे सरासरी दहा मिनिटांना एक. त्या येतात आपापल्या मर्जीने, एकमेकींना न विचारता. अशा वेळी वाट पाहण्याचा वेळ घातांकी वितरणाने चालतो. विद्यार्थी लगेच घनता फलन घेऊन इंटिग्रेशन करत बसतात. कशाला? सरळ सर्व्हायव्हल फंक्शन घ्यावं: t मिनिटांपर्यंत रिक्षा न येण्याची शक्यता, S(t) = e^(−t/10).

हातातल्या वीजबिलाच्या पाठीवर मी काकांना मांडून दाखवलं. वीस मिनिटं रिक्षा न येण्याची शक्यता S(20), म्हणजे 0.135. तीस मिनिटं न येण्याची S(30), म्हणजे 0.050. आपली वीस तर गेलीच आहेत, मग आणखी दहा जाण्याची शक्यता किती? जो तीस मिनिटं थांबला तो वीस थांबलेलाच असतो, म्हणून वर फक्त S(30) राहतं. भागिले S(20). उत्तर 0.368. आणि आत्ता, या क्षणी कोपऱ्यावर आलेल्या माणसाला दहा मिनिटं थांबावं लागण्याची शक्यता? S(10), तीही 0.368.

काकांनी बिल हातात घेऊन आधी माझं युनिट किती आलं ते पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे माझी वीस मिनिटं पाण्यात?"

"पाण्यात."

"त्यावर काहीच नाही?"

"काहीच नाही."

"अहो, बचत खात्यावरसुद्धा काहीतरी मिळतं!"

"काका, रिक्षाला तुमचं खातं माहीत नाही."

"म्हणजे मी घरी जाऊन चहा पिऊन आलो असतो तरी चाललं असतं?"

"चाललं असतं. पण मधे एकही येणार नाही, हे तेव्हा कुठे माहीत होतं?"

काकांनी मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. चेहरा असा, जणू त्यांची ठेव मीच बुडवली.

खरं सांगायचं तर काकांचा नियम खोटा नाही, जागा चुकलीय. बस ठरल्या वेळाने, बरोबर अर्ध्या तासाने सुटत असती, तर वीस मिनिटं थांबलेल्याला फार तर दहा उरली असती. तिथे थांबण्याला किंमत आहे. बसचं वेळापत्रक पाळलं जात असतं तर मी रिक्षासाठी उभाच राहिलो नसतो, पण ते जाऊ द्या.

माझंही गणित चुकलंच होतं. वीस मिनिटं कोरडी जायची शक्यता साडेतेरा टक्के. माझं नशीब इतकंही फुटकं नाही. तपासलं तेव्हा कळलं, रिक्षा आल्या होत्या. दोन थांबल्या, "तिकडं नाही जमणार" म्हणून गेल्या. मी मोजत होतो रिकाम्या रिक्षा, मोजायला हव्या होत्या 'हो' म्हणणाऱ्या. तिघांतला एकच हो म्हणतो असं धरा. वितरण घातांकीच राहतं, फक्त सरासरी दहाची तीस होते. मग S(20) = e^(−20/30), म्हणजे 0.513. अर्ध्याहून जास्त वेळा माणूस वीस मिनिटं उभाच राहणार! यात दुर्दैव कसलं, हा रोजचा दर आहे. मीटर टाकायचं, परवाना घ्यायचा आणि जायचं कुठे ते आपणच ठरवायचं. याला कुठलं वितरण म्हणतात, मला शिकवलेलं नाही.

तेवढ्यात तिसरी रिक्षा आली. काकांनी गल्लीचं नाव सांगितलं. रिक्षावाल्याने पिशवीकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि गाडी पुढे काढली.

"आठवण नसते म्हणता ना?" काका म्हणाले. "मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या खड्ड्यात याचंच चाक गेलं होतं. बरोबर लक्षात आहे त्याच्या."