मार्जिन पाच टक्के, पण हातात किती?

"मोठ्या ब्रँडची एजन्सी म्हणजे बिनधोक धंदा. मार्जिन ठरलेलं असतं, ब्रँडच्या नावावर टार्गेट आपोआप होतं आणि डिपॉझिट तर परतच मिळतं." कंपनीची डिस्ट्रिब्युटरशिप घेताना असं सर्रास ऐकायला मिळतं.

मार्जिन ठरलेलं असतं, पण सगळं बिलावर मिळतंच असं नाही. समजा, महिन्याला २० लाखांची खरेदी आणि ५ टक्के मार्जिन आहे. ऑफर लेटर नीट वाचलं की कळतं, बिलावर साडेतीनच टक्के आहेत. उरलेले दीड टक्के टार्गेट झालं तरच. म्हणजे ७० हजार नक्की, ३० हजार अधांतरी. गाडी, सेल्समन, गोडाऊन, बिलिंग आणि फूटतूट मिळून ६५ हजार खर्च धरला, तर टार्गेट झालेल्या महिन्यात ३५ हजार उरतात आणि चुकलेल्या महिन्यात फक्त ५ हजार.

आता पैसा किती अडकतो ते मांडा. २० दिवसांचा स्टॉक साधारण १३ लाख, बाजारातली १५ दिवसांची उधारी १० लाख, स्कीमचे आणि खराब मालाचे कंपनीकडे थकलेले क्लेम २ लाख, डिपॉझिट ३ लाख. झाले २८ लाख. बाराही महिने टार्गेट गाठलं तर वर्षाला १५ टक्के सुटतात, एकदाही नाही गाठलं तर दोनच्या आसपास. यात कर्जाचं व्याज आणि तुमचा स्वतःचा पगार धरलेला नाही. क्लेम दोन महिने रखडले की हा हिशोब आणखी बिघडतो, म्हणून क्लेमची रक्कम खात्यात जमा करणारी क्रेडिट नोट किती दिवसांत मिळणार हे आधी विचारायचं.

टार्गेटची खरी गोम वेगळीच आहे. कंपनी बहुतेक वेळा प्रायमरी मोजते, म्हणजे तिने तुमच्या नावावर फाडलेलं बिल. दुकानात माल गेला की नाही, हा सेकंडरीचा प्रश्न. बाजार १७ लाखांचाच माल उचलत असेल आणि महिनाअखेरीला तुम्ही २० पूर्ण केले, तर तीन महिन्यांत ९ लाखांचा जादा स्टॉक गोडाऊनमध्ये बसतो. मुदत जवळ आली की तो तोट्यात काढावा लागतो आणि दीड टक्का तिथेच विरघळतो. म्हणून आधीच्या डिस्ट्रिब्युटरचे १२ महिन्यांचे सेकंडरीचे आकडे मागा. तो का सोडून गेला, हे त्यालाच विचारा. मग त्या भागातल्या वीसेक दुकानांत जाऊन कपाटात किती जुन्या तारखेचा माल आहे, ते स्वतः बघा.

डिपॉझिट परत मिळतं, पण "हिशोब पूर्ण झाल्यावर". ही मुदत लेखी नसेल तर ते कितीही लांबू शकतं. नोटीस किती दिवसांची, शिल्लक माल बिलाच्या भावाने परत घेणार का, रक्कम किती दिवसांत देणार, ही तीन वाक्यं करारात यायला हवीत. एरिया मॅनेजरचा तोंडी शब्द त्याची बदली होईपर्यंतच टिकतो. सिक्युरिटी म्हणून कोरा चेक मागितला, तर रक्कम आणि कारण लिहूनच द्या आणि त्याची पोच घ्या.