गोल असा लिहा की तो चुकूच शकणार नाही

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आलात, इंदूरच्या एखाद्या मेडिसिन वॉर्डात ड्युटी लागली, आणि मॅडमनी हार्ट फेल्युअरचा पेशंट देऊन उद्या सकाळपर्यंत केअर प्लॅन मागितला, तर घाबरू नका. डायग्नोसिस पुस्तकातून मिळतं, इंटरव्हेन्शन सीनियरच्या फाइलमधून मिळतात. अडचण फक्त एका रकान्याची आहे. तिथे गोल लिहायचा असतो, आणि तो म्हणे मोजता यायला हवा. या रकान्यात गेली अनेक वर्षं मी एकदाही नापास झालेली नाही. म्हणून चार शब्द.

आधी पेशंट डोळ्यांसमोर आणा. सुदामा नगरचे आजोबा, वय ६८. सोमवारी पहाटे दम लागून आले. पायांवर गुडघ्यापर्यंत सूज, अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि सावकाश भरतो. फुप्फुसांच्या तळाशी स्टेथोस्कोप लावला की करकर ऐकू येते. रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही. वजन ७१.४ किलो. मागच्या डिस्चार्ज कार्डावर, सूज उतरलेली असतानाचं, ६७. डॉक्टरांनी लॅसिक्स ४० मिलिग्रॅम शिरेतून दिवसातून दोनदा, पाणी दिवसाला दीड लिटर आणि मीठ कमी, असं लिहिलंय. तुमचं डायग्नोसिस झालं: शरीरात द्रवाचं प्रमाण जास्त.

आता गोल. सगळ्यात सुरक्षित वाक्य आहे, ‘रुग्णाला बरे वाटेल.’ कधी, किती, कशावरून, याचा त्यात पत्ता नाही. आजोबा हसले की बरं वाटलं, झोपले की बरं वाटलं, कण्हले तरी कालच्यापेक्षा कमी कण्हले. थोडं भारदस्त हवं असेल तर ‘द्रव संतुलन राखले जाईल’ लिहा. ज्या माणसाच्या अंगात चार किलो पाणी जास्तीचं आहे, त्याचं संतुलन ‘राखायचं’ म्हणजे ते चार किलो सांभाळून ठेवायचे का, असं विचारणारी मॅडम अजून मला भेटायची आहे.

दुसरी युक्ती म्हणजे आपलंच काम गोल म्हणून लिहून टाकायचं. ‘रुग्णाला वेळेवर लॅसिक्स दिले जाईल.’ हे तर तुमच्या हातात आहे, दिलं की गोल पूर्ण. लॅसिक्स दिल्यानं आजोबांचं काय झालं हा प्रश्नच उरत नाही. गोलचा कर्ता पेशंट असावा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं खरं. पण पेशंट कर्ता झाला की त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो, आणि आपण त्याला ओळखतो कुठे?

तिसरी जरा वरच्या इयत्तेची: ‘व्हायटल साइन्स नॉर्मल मर्यादेत राहतील.’ यात मोजमाप असल्याचा भास होतो. आजोबांचं बीपी गोळ्यांवर १०२/६४ असतं, चक्कर नाही, लघवी नीट होते, डॉक्टर त्यावर खूश आहेत. तुम्ही मात्र कॉपीत १२०/८० लिहा. मग डॉक्टर ज्याला यश म्हणतात त्याला तुमचा प्लॅन अपयश म्हणेल. पण ते खोडून ‘गोल अंशतः साध्य’ लिहिता येतं. ‘अंशतः’ हा फार मायाळू शब्द आहे.

तर अशा सुखाच्या संसारात आमच्या बॅचला एक मुलगी आली. नाव सांगत नाही, तिचं बरं चाललंय. तिनं या आजोबांसाठी असा गोल लिहिला: ‘बुधवारी सकाळी ६ वाजता, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, वॉर्डातल्या त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत आजोबांचं वजन ६९.४ किलो किंवा त्याहून कमी भरेल.’ दोन दिवसांत दोन किलो. हा आकडा तिनं मनानं काढलेला नव्हता. राउंडला डॉक्टरांना विचारलं होतं की रोज साधारण किती उतरायला हवं, आणि ते म्हणाले होते, एक किलोच्या आसपास. आणखी एक विचारून घेतलं: किती उतरलं तर जास्त झालं? कारण पाणी फार झपाट्यानं काढलं तर उभं राहताना बीपी पडतं, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम खाली जातं. म्हणून गोलखाली तिनं ओळ जोडली: उभं राहिल्यावर चक्कर आली किंवा वरचं बीपी ९०च्या खाली गेलं, तर लगेच सांगायचं.

बघा, एका वाक्यात किती ठिकाणी पकडलं जायची सोय! वेळ लिहिली, काटा लिहिला, कपडेसुद्धा लिहिले. मी असते तर सोमवारचं वजन शाल पांघरून, मंगळवारचं शाल काढून आणि बुधवारचं पोहे खाऊन घेतलं असतं. मग कोणताही आकडा कोणत्याही कारणावर ढकलता येतो. एक किलो वजन म्हणजे साधारण एक लिटर पाणी, हे एकदा कळलं की शालीचं आणि पोह्यांचं वजन औषधाच्या नावावर जमा करणं अगदी सोपं असतं.

मंगळवारी आजोबा ७०.६ भरले. बुधवारी सकाळी सहाला, चहाआधी, त्याच काट्यावर ७०.५. गोल नापास. मी तिला प्रेमानं सांगितलं, ‘अगं, अंशतः लिही.’ तिनं लिहिलं, ‘साध्य नाही’, आणि इनटेक-आउटपुटचा चार्ट उघडून बसली.

चार्ट मोठा गोड होता. मंगळवारचं पोटात गेलेलं १४५०, लघवी २१००. कागदावर साडेसहाशे मिलिलिटर बाहेर, शिवाय घाम आणि श्वासातून जातं ते वेगळं. काट्यावर मात्र जेमतेम शंभर ग्रॅम. कागद आणि काटा यांच्यात भांडण लागलं की एक कोणीतरी खोटं बोलत असतं, आणि काट्याला नातेवाईक नसतात. ती आजोबांजवळ स्टूल ओढून बसली आणि सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय घेतलं ते विचारत गेली. ‘पाणी किती प्यालात?’ असं नाही विचारलं. त्याला आजोबांचं उत्तर तयार होतं, ‘बेटा, बाटलीतलंच, डॉक्टर म्हणाले तेवढंच.’ ते खरंही होतं.

मग आजोबांसोबत वॉर्डात थांबलेल्या काकू सांगू लागल्या. पुतण्या थर्मासमधून चहा आणतो, तो दोनदा, शंभर-शंभर मिलिलिटर. वरणाचं पाणी दोन वाट्या, ‘ते काय पाणी थोडंच, ते तर जेवण.’ एक वाटी दीडशेची. आणि आजारी माणसाला शहाळं नको म्हणायला कोणाची जीभ रेटते? ते तीनशे. बेरीज ८००. म्हणजे पोटात १४५० नव्हे, २२५० गेलं होतं, आणि आता हिशेब काट्याच्या बराच जवळ आला. शहाळ्यात पोटॅशियमही भरपूर असतं, आणि आजोबांच्या गोळ्यांत पोटॅशियम वाढवणारी एक गोळी होती. हे तिनं सिस्टरना वेगळं सांगितलं.

मिठाची गोष्ट निघाली ती पोह्यांवरून. दवाखान्याचं जेवण अळणी, म्हणून सकाळचे पोहे घरून यायचे. इंदूरचे पोहे म्हटल्यावर वर शेव आणि जीरावन आलंच. काकूंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘मीठ अजिबात नाही घातलं हो सिस्टर. फोडणीला सैंधव घातलंय फक्त.’ सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, उपासाला चालतं म्हणून हृदयाला चालत नाही. जीरावनमध्ये मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं, आणि शेवेत असतं ते तर जिभेलाच कळतं. दिवसाचं सगळं मीठ पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढ्यावर ठेवायचं तर पोह्यांच्या बशीनं सकाळी नऊलाच त्यातला मोठा वाटा उचललेला असतो. आणि मीठ पोटात गेलं की तहान लागते, पाणी अंगात थांबतं, आणि लॅसिक्स बिचारं एका दारानं बाहेर काढतं तेवढं दुसऱ्या दारानं आत येत राहतं.

माझ्या गोलनं यातलं काहीही उघडकीला आणलं नसतं. आजोबांना बुधवारी ‘बरं वाटत’ होतं. पोहे छान झाले होते.

तिनं राउंडला वजन, खरा इनटेक आणि मिठाची गोष्ट सांगितली. डॉक्टर डोस वाढवणार होते, तो तसाच ठेवून एक दिवस थांबले. वरण-चहा-शहाळ्याची मोजदाद पलंगाशी लावलेल्या कागदावर काकूच करू लागल्या, वॉर्डातला स्टीलचा पेला किती मिलिलिटरचा ते आधी मापानं भरून बघून. शहाळं बंद झालं. गुरुवारी ६९.४. शुक्रवारी ६८.५, उशा दोन.

एवढ्यावर थांबेल ती कसली! शिकवण्याचाही गोल तिनं वेगळा लिहिला. इथे माझा सल्ला आहे ‘रुग्णास आहार व औषधांचे ज्ञान मिळेल’. ज्ञान कोणाला, किती मिळालं हे कोण बघतंय? शेवटी विचारायचं, ‘आजोबा, समजलं ना?’ ते म्हणतात, ‘हो हो.’ आपण सही करतो. तिचं वाक्य मात्र असं: ‘सुटीच्या आदल्या संध्याकाळी आजोबा न विचारता, स्वतःच्या शब्दांत सांगतील की वजन रोज कधी आणि कसं करायचं, आणि किती वाढलं तर फोन करायचा.’ पहिल्या दिवशी आजोबा म्हणाले, ‘पाच किलो वाढलं की.’ पुन्हा समजावलं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तीन दिवसांत दोन किलोच्या वर गेलं, की थांबायचं नाही, पाय सुजायची वाट बघायची नाही.’ मग तिनं ‘साध्य’ लिहिलं, खाली आजोबांचं वाक्य जसंच्या तसं.

एका गोलसाठी तिला दोन संध्याकाळी लागल्या. तेवढ्या वेळात माझे तीन केअर प्लॅन झाले असते.

माझी जुनी फाइल अजून आहे. बावीस केअर प्लॅन, बावीसच्या बावीस ‘गोल साध्य’, प्रत्येकावर मॅडमची लाल टिक. परवा चाळताना दिसलं की त्यातले नववा आणि चौदावा एकाच काकांचे आहेत. पलंगांच्या रांगेतला तोच कोपरा, तीच सूज, तेच ‘रुग्णाला बरे वाटेल’. मध्ये फक्त तीन आठवडे.