राखीला ऑफर नाही

आज दुपारी लोकमान्यनगरच्या काकू दुकानात आल्या. भाचीच्या साखरपुड्यासाठी साडी हवी होती. राणी रंगाची महेश्वरी त्यांनी खांद्यावर टाकली, काठ उलटून दोन्ही बाजू पाहिल्या, आरशासमोर दोनदा गेल्या. आणि मग स्वतःच नीट घडी घालून म्हणाल्या, "राखीला वीस टक्के लावशीलच ना गं? तेव्हाच नेते."

मला इतका राग आला! काकूंचा नाही, स्वतःचा. सहा वर्षांत या बाईंनी माझ्याशी कधी घासाघीस केली नव्हती. थांबायची सवय मीच लावली. संक्रांत, पाडवा, अक्षय्य तृतीया, राखी, दिवाळी, दर सणाला फेसबुकवर तोच लाल पट्टा टाकून.

जरा हिशेब बघा. साडी ३००० ची, मला पडते २२५० ला. सुटतात ७५०. वीस टक्के म्हणजे ६०० गेले, उरले १५०. एका साडीची कमाई करायला पाच विकायच्या, भाडं आणि दुकानातल्या मुलीचा पगार त्यातूनच. ऑफरच्या आठवड्यात गर्दी बघून मी खूश व्हायचे. गेल्या वर्षीची वही काढली तेव्हा कळलं. राखीआधी तीन आठवडे दुकान सुनं, नंतर महिनाभर पुन्हा सुनं, आणि मधल्या गर्दीत नावं सगळी जुनीच. नवीन गिऱ्हाईक जेमतेम चार. जी साडी पूर्ण भावात जाणार होती तीच मी तारीख बदलून स्वस्तात विकली! काकूंसाठी त्या साडीचा भाव आता २४०० आहे. ३००० सांगितले की त्यांना मी महाग वाटते.

हो, ऑनलाइनवाल्यांचे सेल बारा महिने चालू असतात आणि गिऱ्हाईक तिकडे वळतं, हे मान्य. अडकलेला माल काढावाच लागतो, हेही मान्य.

पण तो वेगळा काढावा ना. दिवाळीनंतर माझ्याकडे १४ साड्या उरल्या होत्या, कुठे रंग एकटा राहिलेला, कुठे विणीत एक धागा चुकलेला. प्रत्येकीचा फोटो, भाव आणि स्वस्त का आहे ते लिहून फक्त जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. दोन दिवसांत संपल्या. नव्या मालावर एकीनंही सूट मागितली नाही, कारण त्या स्वस्त का आहेत ते समोर दिसत होतं आणि नग मोजके होते. आता वर्षातून एवढंच करणार, तेही तारीख आधी न सांगता. सणाला भाव तोच, फॉल-पिको माझ्याकडून. त्याचा खर्च शे-दीडशे, आणि साडीचा भाव कुणाच्या मनात कमी होत नाही.

काकूंचं काय चुकलं? मी शिकवलं तेच त्या बोलल्या. उद्या सकाळी फोन करून सरळ सांगते की राखीला ऑफर नाही, साखरपुड्याआधी फॉल-पिको करून घरी आणून देते. साडी अजून काउंटरवरच आहे, त्यांनी घातलेल्या घडीतच.