परदेशातल्या ताईंना एकाच मेसेजमध्ये पूर्ण उत्तर द्या

घरून फराळ बनवून परदेशात पाठवणाऱ्या मैत्रिणींसाठी हे लिहितेय. पहिल्या वर्षी माझी एक मोठी ऑर्डर हातची गेली, आणि ती चवीमुळे नाही, माझ्या उत्तरांमुळे गेली.

न्यू जर्सीच्या एका ताईंचा मेसेज आला होता, "अमेरिकेत पाठवता का?" सकाळी सात वाजता मी लिहिलं, "हो ताई, पाठवतो." ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे सकाळचे सात म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. मुलं झोपल्यावर त्या मोबाईल हातात घेतात, तीच आपली डबे-चहाची वेळ. पहिलं उत्तर वेळेत गेलं, पण पुढे मला सवड मिळून उत्तर जाईपर्यंत त्या झोपलेल्या असायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी भाव विचारला, तिसऱ्या दिवशी वजन, चौथ्या दिवशी टिकतं किती. पाचव्या दिवशी त्यांनी लिहिलं की आता दिवाळीपर्यंत पोचणार नाही, राहू दे. प्रत्येक प्रश्नाला एक अख्खा दिवस खर्ची पडत होता, हे मला तेव्हा कळलंच नाही.

आता कुणी एक प्रश्न विचारला तरी मी पाचही गोष्टी एकदम लिहिते: काय-काय मिळेल, कधी बनवणार, कुरिअरसकट एकूण किती, कुठल्या तारखेपर्यंत पैसे हवेत आणि कशात काय घातलंय. शेवटी एकच प्रश्न विचारते, "गाव आणि पिनकोड कळवा." अमेरिकेच्या ऑर्डरसाठी सकाळी साडेसहा ते साडेआठ मी कढई ठेवतच नाही, फक्त फोन बघते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, मग त्यांचे साडेनऊ म्हणजे आपले आठ. लंडनच्या मंडळींना मात्र आपल्या दुपारी लिहावं लागतं, कारण त्यांची रात्र म्हणजे आपली मध्यरात्र.

सगळ्यात जास्त खटके उडतात ते कुरिअरच्या पैशांवरून. "चार किलोचा फराळ, सहा किलोचे पैसे का?" प्रश्न रास्त आहे. कुरिअरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ४० बाय ३० बाय २५ चं खोकं असेल तर ६ किलो होतात, मग आत चार किलो असो नाहीतर दोन. चकली आणि चिवडा हलके, पण जागा खातात. म्हणून मी भरलेल्या खोक्याला मोजायची टेप लावून फोटो पाठवते. आकडा डोळ्यांनी दिसला की पुढे वाद होत नाही.

विश्वासाचं म्हणाल तर तो फोटोंनी येत नाही. पहिल्यांदाच मागवणाऱ्या ताईंना मी विचारते, "आई किंवा सासूबाई इकडे कुठे असतात?" ठाणे, पुणे, नाशिक, कुठेही असोत, पाव किलो चकली आणि पाव किलो चिवडा आधी त्यांच्याकडे पाठवते. काकू चाखतात, लेकीला फोन करतात, आणि बऱ्याचदा पैसेही त्याच भरतात. माझ्याशी दोन वाक्यं बोललेल्या मुलीपेक्षा तिची आई चकली मोडून बघते ती खरी परीक्षा. त्याचा खर्च मी माझ्या नफ्यातून करते आणि मला तो पटतो.

पण काही ठिकाणी "नाही" म्हणावंच लागतं. एकीने विचारलं, मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, दाणे न घालता चिवडा द्याल का? मी कळवलं की दाणे काढता येतील, पण माझ्याकडे त्याच कढईत, त्याच तेलात दाणे तळले जातात, तेव्हा माझ्याकडून काहीच घेऊ नका. काहीजण "कुरिअरच्या कागदावर भेट म्हणून लिहा ना" म्हणतात. विकलेला माल भेट म्हणून लिहिणं खोटं आहे. अमेरिकेत विक्रीसाठी जाणाऱ्या खाण्याची आगाऊ सूचना तिथल्या एफडीएला द्यावी लागते. त्यामुळे हे काम नीट करणाऱ्या कुरिअरवाल्याकडूनच मी माल पाठवते.

आणि एक सवय मी कधीच मोडत नाही. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट, जसं पाठवलं तसंच, तारीख घालून कपाटात ठेवते. गेल्या वर्षी एका ताईंनी लिहिलं, "चिवड्याला वास येतोय." मी माझं पाकीट फोडलं. पोहे कुरकुरीत होते, पण सुक्या खोबऱ्याचे काप खवट झाले होते. त्यांना तसं कळवून चिवड्याचे पूर्ण पैसे परत केले. तेव्हापासून परदेशी जाणाऱ्या चिवड्यात मी खोबरं घालत नाही, आणि ते का नाही हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहिते.